आधी चिलखत, मग हात

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या एखाद्या पात्राचं चित्र समोर आलं की नवखा माणूस तलवार बघतो आणि ‘योद्धा’ म्हणून मोकळा होतो. इथेच गफलत होते. तलवार चोराकडेही असते.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तकातली लिड्डा पाहा. अंगात लोखंड नाही, कातड्याचं हलकं चिलखत आहे. लोखंडी पत्रे खणखणतात आणि अंग जखडतात. दबकत जाणाऱ्याला ते परवडत नाही. असं पात्र बहुधा गुडघे वाकवून, अंग चोरून उभं काढतात. योद्धा पाय फाकवून, छाती पुढे काढून उभा राहतो.

चिलखत जड आणि हातात गदा असेल, तर गळ्याकडे किंवा ढालीकडे बघावं. तिथे देवतेचं चिन्ह दिसलं, तर तो बहुधा पुरोहित. त्याच पुस्तकातला जोझान सूर्यदेव पेलॉरचा उपासक, म्हणून त्याच्याकडे सूर्य आहे. गदेचं कारण जुनं आहे: १९७४च्या मूळ नियमांत पुरोहिताला धारदार शस्त्र वर्ज्य होतं.

वंश ओळखणं अवघड. लिड्डा हाफलिंग, उंची जेमतेम तीन फूट. पण चित्रात ती एकटीच असेल तर उंची कळणार कशी? तिच्या अंगाशी तलवारीची मूठ ताडून पाहावी.

रंगावर मात्र भिस्त ठेवू नये. हिरवा झगा वनपुजाऱ्याचा वाटतो, पण तो कोणीही घालू शकतो. धातूचं चिलखत दिसलं, तर जुन्या नियमांनुसार तो वनपुजारी नव्हेच.