ताडपत्री घ्या, पण आधी काट्यावर ठेवा

अश्विन लागला की तुळजापुरात ताडपत्रीला दोन गिऱ्हाइकं एकदम येतात. एक शेतकरी. त्याची सोयाबीनची बनीम रानात उघडी असते आणि परतीचा पाऊस डोक्यावर असतो. दुसरा नवरात्रात ओटीचं सामान, बांगड्या नाहीतर भजी विकायला बसणारा. 2025 साली घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि त्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्याला पावसानं झोडपलं. दोघंही दुकानात एकच प्रश्न विचारतात, "किती जीएसएमची आहे?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा.

नावात ताड नाही, डांबर आहे

ताडपत्रीचा ताडाच्या पानाशी संबंध नाही. इंग्रजी टारपॉलिन आपल्या जिभेवर वळून ताडपत्री झालं. त्यातलं टार म्हणजे डांबर. जुन्या जहाजांवर माल झाकायला डांबर चोपडलेलं जाड कापड वापरत. म्हणजे कापड वेगळं आणि त्यावरचा लेप वेगळा, ही जोडी नावातच आहे.

जीएसएम म्हणजे वजन, बाकी काही नाही

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकडा किती ग्रॅम भरतो, तो त्याचा जीएसएम. म्हणून तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, किराणा दुकानातला काटा पुरतो. लांबी-रुंदीच्या फुटांचा गुणाकार करा आणि त्याला 0.093 नं गुणा, की चौरस मीटर आले. ताडपत्रीचं ग्रॅममधलं वजन त्यानं भागा.

मी स्वतः 24 बाय 18 फुटांची, 200 जीएसएमची म्हणून एक घेतली होती. 432 चौरस फूट म्हणजे साधारण 40 चौरस मीटर. वजन 8 किलोच्या आसपास भरायला हवं होतं. काट्यावर आली 6 किलो 200 ग्रॅम. मग टेप लावला तर माप निघालं साडेतेवीस बाय साडेसतरा. कडा दुमडून शिवल्या की माप कमी होतंच, म्हणून नेहमी तयार माप विचारावं. पण खरं माप धरूनही हिशेब 162 जीएसएमच्या वर जाईना. आयलेट आणि कडेतली दोरी यांचं वजन त्यात धरलेलंच होतं, म्हणजे कापड त्याहूनही हलकं.

आणखी एक गल्लत मायक्रॉनची. मायक्रॉन ही जाडी आहे. सलग प्लॅस्टिकचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला नुसता 'कागद' म्हणतात त्याचा, 250 मायक्रॉनचा तुकडा 230 जीएसएमच्या आसपास भरतो. काळ्या कागदाला गेज सांगतात. 100 गेज म्हणजे 25 मायक्रॉन. आकडा मोठा दिसला म्हणून माल जाड असतोच असं नाही.

पाणी अडवतो तो लेप

नेहमीची निळी-पिवळी ताडपत्री आतून खताच्या गोणीसारखी विणलेली असते. नुसत्या विणीतून पाणी झिरपतं. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर चढवला की ती जलरोधक होते. आता 200 जीएसएममध्ये वीण किती आणि लेप किती, हे आकडा सांगत नाही. वीण विरळ असेल तर ताडपत्री खिळ्याला अडकून टरकते, लेप पातळ असेल तर गळते. काही मालात वजन वाढवायला खडूची भुकटी घातलेली असते. तो काट्यावरही पास होतो.

म्हणून काट्यानंतर दोन गोष्टी कराव्यात. ताडपत्री उन्हासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथून थेंब येणार. मग एक कोपरा घट्ट दुमडून नखानं दाबा आणि उघडा. घडीवर ठळक पांढरी रेघ उमटली तर भुकटीचा संशय घ्यावा. लेप सोलून निघायला लागला तर घेऊच नये.

उन्हाचा मार दिसायला वेळ लागतो. ऊन सोसण्यासाठी प्लॅस्टिकमध्ये यूव्ही संरक्षक मिसळतात. नसेल तर वरून जाडजूड दिसणारी ताडपत्रीही एका हंगामात कडक होते. बोट घासल्यावर रंगाची पूड लागली, की तिचे दिवस भरले.

सोयाबीनला घाम येतो

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. ओलसर बनीम चारी बाजूंनी घट्ट झाकली, की दिवसा आतली वाफ वर चढते आणि रात्री ताडपत्री गार पडल्यावर तिचे थेंब होऊन खाली पडतात. सकाळी शेतकरी म्हणतो, ताडपत्री गळली. खरं तर पाणी बाहेरून आलेलंच नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. पाऊस न पडलेल्या रात्रीनंतरही आतून हात ओला झाला, तर तो घामच. ऊन पडलं की दोन टोकं उघडून वारा खेळू द्यावा. तिथे जास्त जीएसएम काही कामाचा नाही.

जुनी सुती ताडपत्री इथे सरस होती. तिच्यातून थोडी हवा जाते आणि भिजल्यावर धागे फुगून छिद्रं बुजतात. पण ती ओली घडी करून ठेवली तर कुजते.

ट्रकवर शत्रू वारा

ताशी 60 किलोमीटरनं समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण 17 किलो असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताडपत्री सैल असेल तर ती तुळजापूरपासून लातूरपर्यंत फडफडत जाते आणि आयलेटपाशी फाटते. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी टाकावी आणि पुढची तिच्यावर चढवावी, म्हणजे जोडात वारा शिरत नाही. कोपऱ्यांवर जुनं बारदान घातलं तर घासून भोक पडत नाही.

रोजच्या वाहतुकीला पॉलिस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा लेप दिलेली ताडपत्री खरी टिकाऊ. फाटली तर गरम हवेनं ठिगळ चिकटवता येतं. पण 32 बाय 18 फुटांची, 600 जीएसएमची घेतली तर वजन 32 किलो होतं आणि ती पावसात वर ओढायची असते क्लिनरला. महिन्यातून दोन खेपा असतील तर तेवढ्याच मापाची 250 जीएसएमची, 13-14 किलोची, लेपवाली पुरते.

छपरावर शत्रू पाणी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. माझ्या त्या ताडपत्रीएवढ्या मांडवावर 25 मिलिमीटरची एक सर आली, तर जवळजवळ एक हजार लिटर पडतं. वाहून गेलं तर चिंता नाही. मधे झोळ असेल तर तेच पाणी साठतं, झोळ वाढतो, आणखी साठतं आणि शेवटी बांबू मोडतो. म्हणून आधी मधला बांबू कडेच्या बांबूंपेक्षा दोन-तीन फूट उंच करावा. खालून एक-दोन फुटांवर आडव्या दोऱ्या ताणाव्यात, मग जीएसएमचं बघावं. उतार नीट असेल तर नवरात्र ते कोजागिरीपर्यंतच्या दुकानाला चांगल्या लेपाची 150-ची सुद्धा निभावते.

भज्यांची कढई किंवा देवीची पोत जिथे पेटती असते, तिथे मात्र कुठलीच प्लॅस्टिकची ताडपत्री डोक्याला लागेल इतकी खाली नको. ती वितळून जळत्या थेंबांनी खाली पडते.

आणि रंग. निळ्या छपराखाली कुंकू काळपट दिसतं, हिरवी साडी भलतीच दिसते आणि बाया ती उचलून बाहेर उन्हात नेऊन बघतात. साडी-बांगड्यांच्या दुकानाला दुधी पांढरी घ्यावी. तिच्याखाली दुपारी दिवाही लागत नाही.