सव्वादोन पट, पण कशाच्या?

समजा, सार्वजनिक आरोग्याच्या एका प्रबंधात लिहिले आहे: लोहाच्या गोळ्या न घेणाऱ्या मुलींमध्ये रक्तक्षयाचा ऑड्स रेशो २.२५. वाचणारा लगेच म्हणतो, ‘धोका सव्वादोन पट!’ इथेच गल्लत होते.

या आकड्यामागची माणसे मोजू. गोळ्या न घेणाऱ्या १०० मुलींपैकी ६० जणींना रक्तक्षय आहे, घेणाऱ्या १०० पैकी ४० जणींना. धोक्याची तुलना म्हणजे ६० भागिले ४०, म्हणजे दीडपट. ऑड्स मात्र आजारी आणि निरोगी यांचे प्रमाण सांगतात. पहिल्या गटात ते ६० ला ४०, म्हणजे १.५, दुसऱ्यात ४० ला ६०, म्हणजे ०.६७. या दोहोंचा भागाकार २.२५. म्हणजे सव्वादोन पट झाले ते ऑड्स, धोका नव्हे.

आजार दुर्मीळ असेल, तर हा फरक जवळजवळ मिटतो. शंभरात ३ आणि २ रुग्ण असतील, तर धोका दीडपट आणि ऑड्स रेशो सुमारे १.५२. रक्तक्षयासारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारात मात्र ऑड्स रेशो धोका फुगवून दाखवतो.

लॉजिस्टिक रिग्रेशनच्या तक्त्यात हा आकडा SPSS मध्ये Exp(B) या रकान्यात असतो. शेजारची ९५ टक्के विश्वासमर्यादाही पाहा. आपल्या उदाहरणात ती १.२८ ते ३.९६ आहे. तिच्यात १ सामावला असता, तर फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता नाकारता आली नसती.

म्हणून प्रबंध लिहिताना ऑड्स रेशोसोबत दोन्ही गटांची टक्केवारी अवश्य द्या.