वही बंद कधी करायची?

गटाची सवय बदलायची तर ती आधी सैल करावी, मग बदलावी आणि शेवटी पुन्हा घट्ट बसवावी, असं मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1947 साली मांडलं. समजा, भिवंडीतल्या एका गोदामात मालाच्या नोंदींसाठी वहीऐवजी बारकोड स्कॅनर आणायचा आहे. नुसत्या हुकमाने सवय सैल होत नाही. कामगारांसोबत एका रॅकमधला माल मोजून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावा. तफावत त्यांनाच सापडली की वहीवरचा भरवसा ढळतो. लेविन यांच्या मते जोर वाढवण्यापेक्षा अडथळे काढणं बरं. इथले अडथळे म्हणजे चूक उघडी पडून पगार कापला जाण्याची भीती, फाटकी लेबलं, कोपऱ्यात न पोचणारं वाय-फाय.

मग एकाच विभागात स्कॅनिंग सुरू करावं. वही काही दिवस सोबत चालू द्यावी, पण ती रेंगाळली की माणसं दिवसभर वहीत लिहितात आणि पाळी संपताना सगळं एकदम स्कॅन करतात. नोंदींच्या वेळा पाहिल्या की हे लगेच कळतं. तेव्हा रागावण्यापेक्षा अडचण विचारावी. वेळा मालाच्या हालचालीशी जुळू लागल्या की वही काढून घ्यावी आणि स्कॅनशिवाय गेटपास निघणारच नाही अशी सोय करावी.