राउटरमधला गायब मेनू

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस भिंतीवर एक पांढरा डबा बसवून जातो. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश उलगडणं, घरभर वायफाय पसरवणं, सोबत टेलिफोन घेतला असेल तर तोही चालवणं, ही सगळी कामं तो एकटाच करतो. डब्याखालच्या स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेकदा 192.168.1.1, आणि त्याच्याजवळ युजरनेम व पासवर्ड. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून आत गेलं की वायफायचं नाव बदलता येतं, पासवर्ड बदलता येतो, कोणती उपकरणं जोडलेली आहेत तेही दिसतं. पण पोर्ट फॉरवर्डिंग शोधायला गेलेला माणूस सगळे मेनू उलटसुलट करूनही हात हलवत परत येतो.

हा पर्याय लागतो कशाला, ते एका उदाहरणानं पाहू. सांगलीतल्या एका करसल्लागारांच्या ऑफिसात एक संगणक आहे, त्यात अशिलांच्या फायली आहेत. मार्चअखेरीला त्यांना रात्री घरून त्या उघडायच्या आहेत. फायली बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे ठेवायच्या नाहीत, म्हणून त्यांनी त्या संगणकावर वायरगार्ड नावाचं मोफत व्हीपीएन बसवून घेतलं. घरच्या लॅपटॉपवरून वायरगार्ड सुरू केलं की लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कमध्ये असल्यासारखा वागेल. अडचण राउटरची आहे. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो: आतून बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, पण बाहेरून कुणी अनोळखी आला आणि कुठे पाठवायचं हे आधी सांगून ठेवलेलं नसेल, तर त्याला परतवतो. ‘51820 या यूडीपी पोर्टवर जे येईल ते 192.168.1.50 या संगणकाकडे पाठव’ एवढी एक ओळ राउटरला सांगायची, याचंच नाव पोर्ट फॉरवर्डिंग.

मेनू खरंच लपवलेला आहे का, ते आधी पाहावं. प्रत्येक उत्पादक त्याला वेगळं नाव देतो. कुठे तो Virtual Server म्हणून असतो, कुठे Port Mapping, कुठे Forward Rules च्या पोटात, तर कुठे Application किंवा NAT या शीर्षकाखाली. यातलं काहीच दिसत नसेल तर बहुधा आपलं खातंच दुय्यम आहे. अशा डब्यात दोन लॉगिन असतात. स्टिकरवरचं ग्राहकासाठी आणि दुसरं, सगळे मेनू उघडणारं, कंपनीसाठी. पोर्ट फॉरवर्डिंगची सोय डब्यात असते, ती फक्त आपल्या खात्याला दाखवलेली नसते.

कंपनी असं का करते, याचं एक कारण उघड आहे: ग्राहकानं काहीतरी बदलून नेट बंद पाडलं की फोन कंपनीलाच येतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. हे डबे कंपनी दुरून, टीआर-०६९ नावाच्या पद्धतीनं हाताळते. नवं सॉफ्टवेअर घालणं, सेटिंग बदलणं, सगळं त्याच वाटेनं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली, ती याच व्यवस्थेसाठी उघड्या राहिलेल्या पोर्टवर झालेल्या हल्ल्यामुळे. त्यामुळे कंपनीनं राउटरची दारं राखावीत यात मला वावगं वाटत नाही. वावगं वाटतं ते विचारल्यावरही धड उत्तर न मिळण्याचं.

मात्र कंपनीला फोन करण्याआधी एक तपासणी करायलाच हवी, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. राउटरच्या स्टेटस पानावर WAN IP म्हणून जो आकडा दिसतो तो लिहून घ्यायचा. मग त्याच नेटवरून, मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद ठेवून, ‘माझा आयपी काय’ सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडायची आणि तिथला चार भागांचा आकडा पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता आपल्या राउटरवर आहे आणि अडचण फक्त मेनूची आहे. वेगळे असतील तर मेनू सापडूनही काही उपयोग नाही.

आकडे वेगळे येण्याचं कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. तेव्हापासून कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात आणि प्रत्येकाच्या राउटरला आतल्या वापरापुरता वेगळा पत्ता लावतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तिच्यासाठी २०१२ मध्ये 100.64.0.0 पासून 100.127.255.255 पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले. काही कंपन्या 10 ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. म्हणजे आपल्या राउटरच्या आधी कंपनीचा आणखी एक वॉचमन बसलेला आहे, आणि त्याला आपली सूचना पोहोचतच नाही.

आपल्या करसल्लागारांच्या राउटरवर 100.72 ने सुरू होणारा पत्ता दिसला आणि वेबसाइटवर भलताच, असं धरू. आता त्यांनी बाजारातून महागडा राउटर आणून लावला तरी 51820 वर काहीच येणार नाही. त्यांना आधी सार्वजनिक पत्ता मागायला हवा, मेनूचा प्रश्न त्यानंतरचा.

मागायचं कसं, यावर बरंच अवलंबून असतं. कस्टमर केअरच्या पहिल्या फळीतल्या मुलामुलींसमोर ठरलेली प्रश्नावली असते. ‘पोर्ट ओपन होत नाही’ म्हटलं की ते राउटर बंद करून चालू करायला सांगतात, मग रिसेट करायला. रिसेटच्या बारीक भोकात टाचणी घालू नये. त्यात कंपनीनं भरलेलं लॉगिनही पुसलं जाऊ शकतं, आणि मग माणूस येईपर्यंत चालू नेटही बंद. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगावं: ‘नेट व्यवस्थित चालू आहे, वेगाबद्दल तक्रार नाही, मला कॉन्फिगरेशन बदलून हवंय. ही विनंती तांत्रिक विभागाकडे पाठवा आणि तिचा नंबर द्या.’ आणि तेच ईमेलनंही कळवावं. करसल्लागारांचा मजकूर साधारण असा असेल:

‘माझ्या राउटरवर WAN IP 100.72 ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे कनेक्शन सीजीनॅटमागे आहे. मला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे, शक्यतो स्टॅटिक. त्याचं शुल्क आणि लागणारी कागदपत्रं कळवावीत. पत्ता मिळाल्यावर UDP 51820 हा एकच पोर्ट 192.168.1.50 कडे वळवून द्यावा, किंवा तो मेनू माझ्या खात्याला दाखवावा. हे शक्य नसेल तर राउटर ब्रिज मोडवर टाकून PPPoE चं युजरनेम, पासवर्ड आणि VLAN क्रमांक द्यावा. टेलिफोन चालू राहायला हवा.’

यात अॅडमिन पासवर्ड मागितलेला नाही, हे मुद्दाम. तो मागितला की नकार ठरलेला. एक ठरावीक पोर्ट एका ठरावीक संगणकाकडे वळवणं हे मात्र तंत्रज्ञाचं पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेवढ्याला तो सहसा तयार होतो. लहान शहरांत कनेक्शन स्थानिक केबलवाल्यामार्फत आलेलं असतं. तिथे ‘दादा, एवढी एक ओळ टाकून द्या’ म्हणून चिठ्ठी हातात ठेवली तर कॉल सेंटरपेक्षा लवकर काम होतं. इंटरनेटवर सापडणारे ‘सुपर अॅडमिन’ पासवर्ड वापरण्याचा मोह टाळावा. डबा कंपनीच्या मालकीचा असतो, आणि तिथे केलेला बदल कंपनीची यंत्रणा दुरून पुन्हा पुसूही शकते.

192.168.1.50 हा पत्ता ऑफिसच्या संगणकाला कायमचा लावून ठेवावा. राउटर घरातले पत्ते आपल्या मर्जीनं वाटतो. उद्या पन्नास नंबर प्रिंटरला गेला तर वायरगार्डची पाकिटं प्रिंटरकडे जातील. आणि पोर्ट एकच मागावा. रिमोट डेस्कटॉपचा 3389 थेट उघडणारे पुष्कळ आहेत. त्या दारावर जगभरातून पासवर्डचा अंदाज बांधणारी यंत्रं दिवसरात्र टकटक करत असतात. वायरगार्ड तसं नाही. योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही.

ब्रिज मोड हा मोठा बदल आहे. त्यात कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचा सिग्नल उलगडतो, लॉगिन करण्यापासून बाकी सगळं आपण विकत घेतलेला राउटर करतो आणि त्यातले सगळे मेनू आपले. ज्याला वरचेवर बदल करायचे आहेत त्यानं हाच मार्ग धरावा. पण नेट बिघडलं की कंपनी म्हणणार, आमच्या डब्यापर्यंत ठीक आहे. पुढचं निस्तरायची तयारी हवी. आपला राउटर आधीच कंपनीच्या डब्याला जोडलेला असेल आणि ब्रिजला नकार आला, तर निदान डीएमझेड मागता येतं. म्हणजे बाहेरून येणारं सगळं कंपनीचा डबा तुमच्या राउटरकडे सोपवतो, निवड तुमचा राउटर करतो.

ओळ टाकून झाली की चाचणी. ऑफिसच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता वापरून पाहिलं तर बरेच राउटर ते वळणच घेत नाहीत आणि सगळं नीट असूनही बिघडल्यासारखं दिसतं. मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावं. पोर्ट उघडा आहे का ते सांगणाऱ्या वेबसाइट बहुतेक टीसीपीच तपासतात, त्यामुळे यूडीपी 51820 त्यांना कायम बंदच दिसेल. मोबाइलवर वायरगार्ड चालू करायचं आणि Latest handshake या ओळीत काही सेकंदांपूर्वीची वेळ येते का ते पाहायचं. आली तर वाट मोकळी. न आल्यास WAN IP पुन्हा पाहावा. पत्ता दिल्याचा मेसेज आलेला असतो, पण राउटर एकदा बंद-चालू केल्याशिवाय तो लागलेला नसतो. तोही बरोबर असेल तर ऑफिसच्या संगणकाच्या फायरवॉलकडे वळावं.

कंपनीनं सार्वजनिक पत्ता नाकारला तर? स्टॅटिक आयपी काही कंपन्या फक्त व्यावसायिक प्लॅनवर देतात, आणि तुमच्या प्लॅनमध्ये तो नसेल तर नकाराला आव्हान देणं अवघड. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर लावण्याचा हक्क कायद्यानं आहे, पण त्यानंही सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता आपोआप मिळत नाही. पैसे घेऊन पत्ता दिलाच नाही किंवा विनंतीला उत्तरच आलं नाही, तर मात्र आपल्याकडे ट्रायच्या २०१२ च्या नियमावलीनुसार कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. तिथे तक्रारीचा डॉकेट नंबर लागतो, म्हणून पहिल्याच फोनला नंबर मागायचा.

नकारानंतरही दोन वाटा उरतात. एक आयपीव्ही६ ची. तिथे पत्त्यांची टंचाई नाही, संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढ्या पोर्टला परवानगी मागावी लागते. लॅपटॉप ज्या नेटवर आहे तिथेही आयपीव्ही६ हवं, एवढी अट. दुसरी वाट टेलस्केलसारख्या सेवेची. त्यात दोन्हीकडचे संगणक आतून बाहेर जोडणी करतात आणि राउटरला काहीच सांगावं लागत नाही. ओळख पटवण्याचं काम बाहेरच्या कंपनीकडे जातं, फायली मात्र आपल्याच संगणकावर राहतात. मार्चअखेर तोंडावर आली असेल तर करसल्लागारांनी हीच वाट धरावी, आणि स्टॅटिक आयपीचा अर्ज एप्रिलमध्ये निवांत करावा.