घड्याळाला नेमकं काय ऐकू आलं?

घड्याळातली सिरी ऐकत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: बोलल्यावर पडद्यावर काय उमटलं? ॲपल वॉचवर सिरीशी बोललं की तिला जे ऐकू आलं, ते बहुतेक वेळा अक्षरांत दिसतं. तिकडे कुणी बघत नाही. लोक पुन्हा तेच वाक्य मोठ्यानं म्हणतात. अक्षरं उमटलीच नाहीत, चुकीची उमटली, की बरोबर उमटूनही काम झालं नाही, यावरून दुखणं कुठं आहे ते कळतं.

काहीच उमटत नसेल, तर बाजूची गोल चावी, म्हणजे डिजिटल क्राउन, दाबून धरा आणि मग बोला. असं केल्यावर ऐकू जात असेल, तर माइक ठीक आहे. ‘हे सिरी’ ही हाक किंवा हात उचलण्याची खूण पोहोचत नाहीये. घड्याळाच्या Settings मध्ये Siri उघडून हाकेचं आणि Raise to Speak चं बटण चालू आहे का ते पाहा. Raise to Speak मध्ये हाक मारावी लागत नाही, पण मनगट खरोखर तोंडाजवळ आणावं लागतं. पोटाच्या पातळीवर हात ठेवून बोललात तर ते चालणार नाही.

क्राउन दाबूनही शांतता असेल, तर घड्याळातलंच Voice Memos उघडा, दोन वाक्यं रेकॉर्ड करा आणि ऐका. आवाज दबलेला, उशीतून आल्यासारखा असेल, तर दोष माइकचा. सिरीज ४ पासून माइकचं छिद्र क्राउन आणि खालचं लांबट बटण यांच्या मध्ये आहे. घाम, सनस्क्रीन, पीठ तिथं बसतं, शिवाय बाजारातली बरीच कव्हरं नेमकी तीच जागा झाकतात. आधी कव्हर काढून पाहा. मग साध्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. टाचणी, साबण, हवेचा फवारा यातलं काहीही नको. छिद्राच्या आतला पडदा फाटला तर दुरुस्ती घरी होत नाही. पोहून आल्यावर क्राउन दाबून धरला की घड्याळ आवाज करून पाणी बाहेर फेकतं, पण ते स्पीकरमधलं. माइकमधलं पाणी आपोआपच वाळावं लागतं. रात्रभर चार्जिंगला ठेवल्यानं मदत होऊ शकते. वाळल्यावरही रेकॉर्डिंग दबलेलंच राहिलं, तर सर्व्हिस सेंटर गाठावं.

आपल्याकडं जास्त भेटते ती दुसरी तऱ्हा: ऐकू येतं, पण भलतंच. फोन नवा घेताना अनेकांकडून इंग्रजी निवडलं जातं ते अमेरिकेचं. समजा, तुम्ही ‘कॉल वृषाली जाधव’ म्हणालात. अमेरिकी उच्चारांवर घडलेली यंत्रणा ‘वृ’ आणि ‘ध’ या आवाजांना जवळचा इंग्रजी शब्द शोधते आणि पडद्यावर काहीतरी अनोळखी नाव येतं. फोनच्या Settings मधल्या सिरीच्या भागात भाषा English (India) करा, घड्याळातही तीच दिसते का ते तपासा.

एवढ्यानं नावांचा प्रश्न पुरता सुटत नाही. त्यातही यादीत नाव देवनागरीत लिहिलेलं असलं, तर इंग्रजी सिरीचा गोंधळ वाढतो. फोनच्या Contacts मध्ये त्या व्यक्तीचं पान Edit करा, खाली add field आहे, तिथून पहिल्या नावाच्या उच्चाराची जागा निवडा आणि नाव जसं कानाला ऐकू येतं तसं रोमन अक्षरांत लिहा: Vrushali जमत नसेल तर Vroo-shaa-lee. त्याच यादीत Nickname ची जागा असते. घरात तिला ‘वृशू’ म्हणत असाल तर तिथं Vrushu लिहून त्या नावानं हाक मारून पाहा. बदल केला की प्रत्येक वेळी पडद्यावरचं नाव वाचायचं. दोन-तीन स्पेलिंगं बदलावी लागतात, पण जे रोज लागतात अशा सात-आठ माणसांसाठी हा खटाटोप करायलाच हवा. स्वयंपाक करताना हात भरलेले असतात, तेव्हा लागतो तो नेमका याच माणसांना फोन.

अक्षरं बरोबर आली आणि तरी सिरी थांबून राहिली, तर जोडणी पाहा. सिरीज ८ आणि त्याआधीच्या घड्याळांत बोलणं समजून घेण्याचं काम बाहेर सर्व्हरवर होतं, त्यामुळे जवळचा फोन, वाय-फाय किंवा मोबाइल डेटा यांपैकी काहीतरी हवंच. कंट्रोल सेंटरमध्ये फोनचं लाल चिन्ह दिसलं तर घड्याळाचा फोनशी संबंध तुटलाय. २०२३ च्या सिरीज ९ पासून टायमर लावणं, व्यायाम सुरू करणं अशी कामं घड्याळातल्या घड्याळात होऊ शकतात. हवामान विचारायला मात्र इंटरनेट लागतंच.

काम झालं, उत्तरही पडद्यावर आलं, फक्त आवाज आला नाही, तर ते बिघाडात धरू नका. Siri च्या सेटिंगमध्ये Siri Responses आहे. ते सायलेंट मोडच्या हवाली केलेलं असेल आणि घड्याळ सायलेंटवर असेल, तर उत्तर नुसतं वाचायलाच मिळतं.