आजची तारीख बाळाची होती

तिसरा महिना सरेपर्यंत दिवस गेल्याची वाच्यता करायची नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. आई, सासू, फार तर एखादी बहीण, एवढ्यांनाच ठाऊक असतं. नेमकं याच काळात गर्भपाताचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. गरोदर असल्याचं कळलेल्या बायकांमध्ये साधारण १० ते २० टक्के वेळा गर्भ टिकत नाही, आणि त्यातले बहुतेक गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात. मग जिवाभावाच्या मैत्रिणींना काही सांगायची वेळ येते तेव्हा त्या बाईला एका दमात दोन बातम्या द्याव्या लागतात : दिवस गेले होते, आणि आता नाहीत. पहिल्या बातमीचं कौतुक व्हायच्या आतच दुसरी कानावर पडते. म्हणून पुष्कळ जणी काहीच सांगत नाहीत.

काही जणी मात्र सांगतात, पण वर्षाच्या एखाद्या दिवशी आणि मोजक्या माणसांना. इन्स्टाग्रामवर २०१८च्या नोव्हेंबरपासून ‘क्लोज फ्रेंड्स’ ही सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसलाही ‘फक्त यांनाच दाखवा’ असा पर्याय असतो. चित्र म्हणून एखादी पणती किंवा खिडकीतलं आभाळ, आणि खाली चार-पाच ओळी. या ओळी लिहिणं दिसतं तितकं सोपं नाही.

आधी प्रश्न येतो तारखेचा. अशा दुःखाला दोन तारखा असतात. एक, ज्या दिवशी बाळ गेलं ती. दुसरी, डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलेली प्रसूतीची तारीख, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले २८० दिवस. घरच्यांना पहिली लक्षात राहते, दुसरी सहसा फक्त आईच्या मनात असते. मार्चच्या मध्यावर, नवव्या आठवड्यात गर्भपात झालेल्या बाईची ती तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर येते. तोवर सगळ्यांच्या लेखी ती ‘सावरलेली’ असते, आणि एवीतेवी कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या त्या दिवशी तिला लिहावंसं वाटतं.

समजा, अशी एक बाई लिहायला बसली आहे. पहिला खर्डा साधारण असा उतरतो : ‘आज तू आमच्या मांडीवर असायला हवं होतंस. त्या सोनोग्राफीत ठोके सापडले नाहीत आणि सगळं संपलं. मी ऑफिसची दगदग केली नसती तर? आमच्याच वाट्याला हे का?’ यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि स्वतःच्या वहीत तो तसाच राहावा. पण मैत्रिणींपुढे ठेवला की त्यातले प्रश्न उत्तरं मागू लागतात. ‘अगं, तुझी काही चूक नाही’, ‘पुन्हा होईल’, ‘माझ्या जावेचंही असंच झालं होतं’ अशी उत्तरं येतात, आणि संध्याकाळपर्यंत तीच दहा जणींची समजूत काढत बसते. दगदगीचा उल्लेख तर काढलेलाच बरा. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. नेहमीचं कामकाज, चालणं-फिरणं यांनी ते होत नाहीत. स्वतःला दोष देणारी ओळ एकदा चारचौघींत गेली की ती आजीबाईंच्या पपईच्या गोष्टींना आवतण देते.

दुसरा खर्डा असा होऊ शकतो : ‘आजची तारीख आमच्या बाळाची होती. मार्चमध्ये ते गेलं. तुमच्यापैकी कित्येकींना दिवस गेल्याचंही सांगायचं राहून गेलं. आज त्याची आठवण काढतोय, एवढंच. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. हे आपल्यातच राहू दे.’

इथे काय झालं ते एका वाक्यात आलं. दवाखाना, कारण, आठवडे, औषध यांपैकी काही आलं नाही, कारण तपशील दिला की त्यावर चर्चा सुरू होते. ‘उत्तर नको’ ही ओळ तर सर्वांत उपयोगी. स्टेटस कोणी कोणी पाहिलं ते लिहिणारीला दिसतं. पाहून गप्प बसलेली मैत्रीण तिच्या मनाला लागते, आणि त्या मैत्रिणीला बिचारीला काय बोलावं तेच सुचलेलं नसतं. ही ओळ दोघींना मोकळं करते.

‘आमच्या’ या शब्दासाठी मात्र नवऱ्याला विचारायला हवं. दुःख त्याचंही आहे, आणि त्याच्या घरी अजून कोणाला सांगितलं नसेल तर बातमी बाहेरून आत जाता कामा नये.

चित्राच्या बाबतीत एक सावधगिरी. सोनोग्राफीचा फोटो टाकावासा वाटणं साहजिक आहे, पण त्याच्या कडेला बहुधा बाईचं नाव, सेंटरचं नाव, तारीख आणि गर्भाचे आठवडे छापलेले असतात. ओळींत जे झाकलं ते फोटो बोलून जातो. कडा कापल्याशिवाय तो टाकू नये.

यादीही त्या दिवशी पुन्हा वाचावी. दोन वर्षांपूर्वी सहलीचे फोटो दाखवायला केलेल्या यादीत ऑफिसातली वरिष्ठ किंवा नवऱ्याची मामेबहीण सहज असते. कोणाला यादीत घेतलं वा काढलं तर त्या व्यक्तीला सूचना जात नाही, त्यामुळे रुसवेफुगवे व्हायची भीती नाही. यादीत एखादी गरोदर असेल किंवा मूल व्हावं म्हणून उपचार घेत असेल, तर तिला आधी एकटीला दोन शब्द कळवणं चांगलं. आणि यादी कितीही छोटी असली तरी कुलूप पक्कं नसतं : इन्स्टाग्रामच्या स्टोरीचा कोणी स्क्रीनशॉट काढला तर टाकणारीला ते कळत नाही.

सगळ्यांनी असंच गुपचूप लिहावं असं नाही. अमेरिकेतल्या क्रिसी टायगेन यांनी २०२०च्या सप्टेंबरअखेरीस आपलं बाळ गेल्याचं इस्पितळातल्या कृष्णधवल फोटोंसह जाहीर केलं. हजारोंनी धीर दिला, काहींनी ‘असे फोटो काढतात का’ म्हणून झोडपलं. महिन्याभराने त्यांनी लेख लिहून सांगितलं, की हे फोटो ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यासाठीच आहेत. एवढी टीका पेलायची ताकद किंवा इच्छा सगळ्यांची नसते, आणि ती नसणं हा कमीपणा नाही.

छोट्या वर्तुळातही मोबाइल मात्र विसरत नाही. वॉशिंग्टन पोस्टच्या पत्रकार जिलियन ब्रॉकेल यांचं बाळ २०१८मध्ये मृत जन्मलं, तरी त्यांना बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती दिसतच राहिल्या. गरोदरपण ओळखणाऱ्या कंपन्यांना बाळ गेल्याचं का ओळखता येत नाही, असं त्यांनी खुल्या पत्रात विचारलं. फेसबुकच्या सेटिंगमध्ये पालकत्वाच्या जाहिराती कमी दाखवण्याचा पर्याय असतो. फेसबुकच्या आणि गूगल फोटोजच्या ‘मेमरीज’मध्ये ठरावीक तारखाही लपवता येतात. चोवीस तासांनी दिसेनाशी झालेली स्टोरी अर्काइव्हमध्ये शिल्लक असते आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी आपणहून समोर येऊ शकते. नको असेल तर ती तिथूनही काढावी लागते.

वाचणाऱ्यांकडे मागणं थोडंच आहे. अशी ओळ दिसली तर कारण विचारू नका आणि ती घरच्या ग्रुपवर नेऊ नका. काही म्हणावंसं वाटलं, तर ‘वाचलं गं, तुझी आठवण काढतेय’ एवढं पुरे. जमलं तर ती तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्या दिवशी तिला फोन करा.