बोलण्याची वेळ आणि कामाची वेळ

सायकलची पंक्चर कशी काढावी हे दाखवणारा सहा मिनिटांचा व्हिडिओ तुमच्यासमोर आहे असे समजा. तुम्हाला फक्त पॅच दाबण्याची कृती पुन्हा पाहायची आहे. ती नेमकी कुठे आहे? व्हिडिओची प्रकरणे पाडलेली असतील तर ती लगेच सापडते. अशी प्रकरणे पाडण्यासाठी आणि त्याच व्हिडिओवरून लेखी कृती तयार करण्यासाठी बोलण्याचा लेखी उतारा फार उपयोगी पडतो. मात्र त्यातल्या वेळा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती कोणती, ते आपण पाहू.

उताऱ्याच्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्याची नोंद पुढीलप्रमाणे असते:

```
9
00:03:20,400 --> 00:03:24,100
सुकलं. आता पॅच दाबूया.
```

पहिल्या ओळीत नोंदीचा क्रमांक आहे. दुसऱ्या ओळीत वाक्य सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ तास, मिनिटे व सेकंद अशी दिली आहे. स्वल्पविरामानंतरचे आकडे म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग. ही वेळ वाक्याची आहे. हाताने काम केव्हा सुरू झाले हे ती सांगत नाही. आपला सारा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आपल्या काल्पनिक व्हिडिओचा उतारा संक्षेपाने असा आहे:

०:०० – आज पुढच्या चाकाची पंक्चर काढूया.
०:२२ – नंतर आपण पॅच चिकटवणार आहोत, त्यासाठी सोल्युशन जवळ ठेवा.
०:४८ – चाक मोकळं झालं. आता लिव्हरने टायर उचकटूया.
१:३५ – ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात बुडवूया.
२:१० – हे बघा बुडबुडे. इथे छिद्र आहे.
२:३१ – पॉलिश पेपरने घासायचं.
३:०२ – सोल्युशन एवढं लावायचं. पाच मिनिटं सुकू द्या.
३:२० – सुकलं. आता पॅच दाबूया.
४:१५ – ट्यूब आत बसवूया.
४:५० – अरे, एक राहिलं! ट्यूब बसवण्याआधी टायर आतून तपासायचा, काटा असेल तर काढायचा.
५:१५ – आता टायर रिंगवर चढवूया.
५:४० – हवा भरूया.

उताऱ्यात ‘पॅच’ हा शब्द शोधला तर तो पहिल्यांदा ०:२२ ला सापडतो. पॅच दाबण्याचे काम मात्र ३:२० ला सुरू होते. चूक जवळजवळ तीन मिनिटांची होईल! म्हणून नुसता शब्द शोधून भागत नाही, वाक्याचे क्रियापद पाहावे लागते. ‘चिकटवणार आहोत’ ही पुढच्या कामाची सूचना आहे. ‘दाबूया’, ‘घासायचं’ ही रूपे बहुधा कामाची सुरुवात दाखवतात. ‘मोकळं झालं’ हे रूप काम संपल्याचे दाखवते. ‘आता’ हा शब्दही चांगली खूण आहे, पण ‘आता तुम्ही म्हणाल’ अशा वाक्यातला ‘आता’ कोणतीही कृती सुरू करत नाही.

‘चाक मोकळं झालं’ हे वाक्य ०:४८ ला आले, म्हणजे पाना लावून नट सैल करण्याचे काम त्याआधीच झाले. उताऱ्यात ०:२७ ते ०:४८ या वेळात एकही शब्द नाही. अशी शांतता दिसली की तेवढा भाग डोळ्यांनी पाहायचा. बोलणारा गप्प असतो तेव्हा त्याचे हात बहुधा कामात असतात. इथे ०:२७ ला चाक काढणे सुरू होते, म्हणून प्रकरणही तिथूनच सुरू करायचे. तशीच शांतता २:१० च्या वाक्यानंतर आहे. त्या वेळात कारागीर ओली ट्यूब फडक्याने पुसून कोरडी करतो. याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही, पण लेखी कृतीत ही पायरी गाळली तर ओल्या रबरावर सोल्युशन नीट धरणार नाही.

आता ३:०२ आणि ३:२० या दोन वेळा पाहा. त्यांची वजाबाकी १८ सेकंद येते. मग सोल्युशन १८ सेकंदांत सुकते काय? नाही. व्हिडिओ तयार करताना मधली पाच मिनिटे कापून टाकलेली आहेत. सोल्युशन म्हणजे लवकर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेले रबर. तो द्रव उडून जाण्याआधीच पॅच दाबला तर तो आत अडकतो आणि पॅच सरकतो किंवा कडेने उचलला जातो. म्हणून लेखी कृतीत वाट पाहण्याची वेळ नेहमी बोलण्यातून घ्यावी, वजाबाकीतून घेऊ नये. शिवाय ओळखण्याची खूणही लिहावी: सोल्युशनची ओली चकाकी गेली की पॅच लावावा. कापलेली जागा पडद्यावर ओळखू येते. तिथे हात किंवा वस्तू एकदम जागा बदलतात.

त्याच वाक्यातला ‘एवढं’ हा शब्दही कागदावर निरुपयोगी आहे. ‘एवढं’, ‘इथे’, ‘असं’ हे शब्द आले की चित्र पाहून त्यांचा अर्थ लिहावा लागतो. इथे तो असा: छिद्राभोवती, पॅचपेक्षा थोड्या मोठ्या भागावर, पातळ थर. उतारा यंत्राने ऐकून लिहिलेला असेल तर आणखी एक दक्षता घ्यावी. ‘पाच’ आणि ‘पॅच’ यांत यंत्राची गफलत सहज होते, म्हणून प्रत्येक आकडा कानाने ऐकून ताडून पाहावा.

राहिले ४:५० चे वाक्य. कारागिराला टायर तपासण्याची आठवण उशिरा झाली. प्रकरणांची यादी व्हिडिओच्या क्रमाने चालते, म्हणून तिथे ही पायरी ४:५० लाच राहील. लेखी कृती मात्र कामाच्या क्रमाने चालते. तीत ही पायरी ट्यूब बसवण्याच्या आधी न्यावी लागेल. नाहीतर वाचणारा ट्यूब बसवून पुन्हा बाहेर काढील, किंवा काटा टायरमध्येच राहून नवी पंक्चर होईल. एकाच उताऱ्यातून दोन वेगळे क्रम निघतात, ते असे.

प्रकरणांची यादी पुढीलप्रमाणे होईल:

```
0:00 साहित्य
0:27 चाक व ट्यूब काढणे
1:35 छिद्र शोधणे
2:31 घासणे व सोल्युशन लावणे
3:20 पॅच दाबणे
4:15 ट्यूब बसवणे
4:50 टायर आतून तपासणे
5:15 टायर चढवणे
5:40 हवा भरणे
```

यूट्यूबवर व्हिडिओच्या वर्णनात अशी यादी लिहिली की तिची प्रकरणे होतात. त्यासाठी पहिली वेळ 0:00 असावी लागते, निदान तीन वेळा चढत्या क्रमाने द्याव्या लागतात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचे असावे लागते.

यादी बरोबर आहे की नाही हे तपासण्याची रीत वर्गात करून पाहण्याजोगी आहे. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे न पाहता एकाच व्हिडिओच्या वेळा लिहाव्यात. दोन-तीन सेकंदांचा फरक चालेल. फरक अर्ध्या मिनिटाचा असेल, तर दोघांनी ती पायरी निरनिराळ्या जागी सुरू होते असे मानले आहे. तेवढा भाग दोघांनी मिळून पुन्हा पाहावा. लेखी कृतीची परीक्षा याहून कडक आहे. ज्याने व्हिडिओ पाहिलेला नाही अशा मित्राच्या हाती तो कागद आणि पंक्चर झालेली ट्यूब द्यावी. तो जिथे थांबून प्रश्न विचारील, नेमकी तिथेच काहीतरी न बोलता घडलेले असते. व्हिडिओतला तो भाग काढून पाहावा आणि सुटलेले वाक्य कागदावर लिहावे.